ॲपवर एरर आला? राउटरला पिन लावायच्या आधी हे बघा

मॅच असली किंवा रविवारची रात्र असली की आमच्या इंटरनेट ऑफिसचा फोन थांबत नाही, "नेट गेलंय, टीव्हीवर कोड येतोय". बऱ्याचदा नेट चालूच असतं आणि ॲपवाल्यांचा सर्व्हर बसलेला असतो, पण हे कोड बघून कळत नाही. नेटफ्लिक्सचा NW-2-5 घ्या, त्याचा अर्थ एवढाच की टीव्ही नेटफ्लिक्सपर्यंत पोचत नाहीये. वाट तुमच्या वायफायवर अडली, आमच्या लाइनवर की त्यांच्याकडे, हे तो सांगत नाही, म्हणून नुसता कोडचा फोटो पाठवलात तर आम्हालाही काही कळत नाही.

आधी त्याच टीव्हीवर दुसरं ॲप उघडा आणि काहीतरी खरंच प्ले करा, कारण नुसती पोस्टरं दिसली म्हणजे नेट आहे असं नाही, ती कधीकधी आधीची साठवलेली असतात. मग मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच अडलेलं ॲप चालवा. तिथेही एरर आला आणि टीव्हीवर दुसरं ॲप मस्त चालतंय तर गडबड ॲपवाल्यांची, थांबायचं. डेटावर चाललं तर आता वायफाय लावून त्याच मोबाइलवर बघा. वायफायवरही चाललं तर दोष टीव्हीचा, ॲप अपडेट करा, टीव्हीची तारीख-वेळ तपासा, ती चुकीची असली तरी ॲप कनेक्ट होत नाही. वायफायवर अडलं तर, बाकीची ॲपं चालत असली तरीही, आम्हाला फोन करा, तेव्हा आमच्याकडचा डीएनएस किंवा राउटिंग बघावं लागतं. आणि फायबरच्या बॉक्सवर LOS चा लाल दिवा लागला असेल तर यातलं काहीच करू नका, फायबरचा प्रॉब्लेम आहे, सरळ कळवा.

आता खरी कळकळीची गोष्ट. राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा, काही बिघडत नाही. पण मागच्या RESET च्या भोकात पिन घालू नका! परळच्या एका काकांनी मॅचच्या वेळी सेफ्टी पिन दाबून धरली, दिवे एकदम विझून परत लागले, पण आम्ही टाकलेला युजरनेम-पासवर्ड पुसला गेला. ॲप पाऊण तासात सगळ्यांचं सुरू झालं, काकांचं नेट मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, आमचा मुलगा जाऊन सेटिंग टाकून आला तेव्हा.

म्हणून फोनवर आम्ही आधी "मोबाइल डेटावर बघितलंत का?" विचारतो, टाळायला नाही हो, ज्याची लाइन खरंच तुटलीय त्याच्याकडे माणूस आधी पोचावा म्हणून. रीसेट झालेल्या राउटरच्या व्हिजिटचे पैसे घेतो तेही त्यासाठीच. आणि टीव्ही राउटरपासून लांब, मधे भिंत असेल तर सांगा, लॅन केबल टाकून देऊ, आमच्या ग्राहकांना फक्त केबलचे पैसे, फिटिंगचे नाहीत.