दोन वर्षे न उघडलेले गूगल खाते: काय गेले, काय अजून हाती लागेल

आमच्या ग्राहकांसाठी

बँकेतले खाते दोन वर्षे वापरले नाही तर बँक ते निष्क्रिय धरते. दहा वर्षे झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी कागदपत्रे दाखवून ते परत मागता येतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी गूगलच्या खात्याबद्दलही हेच धरून चालतात. "फोन बंद पडलाय, पण फोटो तर गूगलात आहेत की," असे काउंटरवर आम्ही रोज ऐकतो. गूगलची मुदतही दोनच वर्षांची आहे, पण पुढचा हिशेब अगदी उलटा आहे. ती उलटली की कंपनी खाते आणि आतले मेल, फोटो, ड्राइव्हमधले कागद सगळे काढून टाकू शकते, आणि ते कुठल्या निधीत जमा होत नाहीत.

हा नियम गूगलने मे 2023 मध्ये जाहीर केला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून लागू केला. तो वैयक्तिक खात्यांना आहे. कॉलेजने किंवा कंपनीने दिलेल्या खात्यांना नाही. ज्या खात्याच्या यूट्यूब चॅनेलवर व्हिडिओ चढवलेले आहेत ते, किंवा ज्यात गिफ्ट कार्डची रक्कम शिल्लक आहे ते, या कारणाने काढत नाहीत. काढण्याआधी सूचना येतात, पण त्या त्याच खात्यावर आणि रिकव्हरी म्हणून दिलेल्या दुसऱ्या मेलवर. दुसरा मेल दिलेलाच नसेल, तर सूचना बंद घराच्या दारात टाकलेल्या पत्रासारखी पडून राहते.

पडद्यावर काय लिहिले आहे ते आधी वाचा

"अकाउंट उडाले" म्हणून जे आमच्याकडे येतात, त्यातल्या अनेकांचे खाते जागेवर असते, फक्त त्यांना आत शिरता येत नसते. म्हणून accounts.google.com/signin/recovery या पानावर पत्ता टाकल्यावर काय दिसते ते नीट पाहायचे. Couldn't find your Google Account असे आले तर पहिला संशय स्पेलिंगवर घ्या. जीमेलमध्ये मधले टिंब असले-नसले तरी चालते, पण एक अक्षर चुकले की खाते सापडत नाही. पाटील, देसाई ही आडनावे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. खाते तुमचेच आहे याची खात्री पटत नाही, अशा अर्थाचे वाक्य आले तर खाते शाबूत आहे. अलीकडेच काढले आहे, परत मिळू शकेल, असे आले तर त्याच क्षणी पुढची पायरी घ्या. इथे ठराविक दिवसांची हमी नसते, आणि उशिराने खाते मिळालेच तरी आतले सगळे मिळेल असे नाही.

खाते शाबूत असेल तर खरी अडचण बहुतेकदा सिमची असते. आपल्याकडची मुले गोव्यात, कोल्हापुरात, पुण्यात कामाला जातात, तिथले सिम घेतात आणि त्याच नंबरावर खाते उघडतात. गावी परतली की ते सिम ड्रॉवरात जाते. प्रीपेड सिम 90 दिवस वापरात नसेल आणि शिल्लकही नसेल तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे आणखी किमान 90 दिवस गेल्यावर तोच नंबर दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग तुमचा ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जातो. अशा वेळी ज्या फोनवरून आणि ज्या वायफायवरून खाते पूर्वी वापरत होता, तिथूनच प्रयत्न करा, आणि आठवेल तो शेवटचा पासवर्ड टाका. गूगल या खुणा मोजते. नव्या फोनवरून, आमच्या दुकानात बसून दहा वेळा प्रयत्न केल्याने काम बिघडते.

एक उदाहरण

खानापूर तालुक्यातल्या एक काकू गेल्या फेब्रुवारीत आल्या. मुलगा गोव्यात हॉटेलात होता, 2022 च्या दिवाळीला घरी परतला आणि त्याने नवा फोन, नवे खाते घेतले. जुन्या खात्यात आजीचे फोटो होते. आजी त्यानंतर वारल्या. पत्ता कुणाला नक्की आठवेना. थोरल्या भावाच्या मेलमध्ये धाकट्याच्या नावाने शोधले तेव्हा बरोबर स्पेलिंग सापडले. ते टाकल्यावर कळले की खाते काढले गेले आहे आणि परत मिळणार नाही. तो दरवाजा बंदच झाला.

मग आम्ही जुना फोन हातात घेतला. चालू करताना सिम काढले, विमान मोड लावला, वायफायला जोडले नाही आणि फोनमधले खाते तसेच राहू दिले. खाते फोनमधून काढले तर त्याला जोडलेले संपर्कही फोनमधून जातात, म्हणून ही खबरदारी. संपर्क एका फाइलमध्ये उतरवून घेतले. कॅमेऱ्याच्या DCIM फोल्डरमध्ये 2021 च्या गणपतीपासूनचे फोटो निघाले. त्याआधीचा एकही नव्हता. फोन भरला म्हणून मुलाने एकदा Free up space दाबले होते. त्या बटणाने गूगलवर चढलेले फोटो फोनमधून पुसले जातात, त्यामुळे जुने फोटो गूगलवरच उरले होते आणि खात्याबरोबर गेले. मात्र नातेवाइकांना पाठवलेले काही फोटो व्हॉट्सअॅपच्या फोल्डरमध्ये मिळाले:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

उरलेले काही कोल्हापूरच्या मामांच्या फोनमधल्या जुन्या चॅटमध्ये निघाले. अंगणात शेंगा निवडत बसलेल्या आजींचा एक फोटो तिथूनच आला. पाठवताना लहान झालेला, कडेला थोडा पुसट, पण चेहरा स्वच्छ. तो काकूंनी छापून नेला.

त्या फोनला कुणी आधी फॅक्टरी रिसेट मारले असते तर हे सगळे गेले असते. वर रिसेटनंतर फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो, आणि ते खातेच जगात नाही म्हटल्यावर फोनही अडकू शकतो. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे: जुना फोन "साफ करून" आणू नका.

गेलेल्या पत्त्याचे काय?

तो पत्ता गूगल पुन्हा कुणाला देत नाही, तुम्हालाही नाही. त्यामुळे तुमचे मेल परक्याच्या हाती पडतील ही भीती नको. पण बँक, पीएफ, विमा, गॅस यांच्याकडे तोच पत्ता नोंदला असेल तर तो आजच बदला, नाहीतर पासवर्ड बदलण्याच्या लिंक न पोहोचताच परत जातील.

इतर कंपन्यांच्या मुदती वेगळ्या आहेत. याहूची मेलपेटी 12 महिने उघडली नाही तर आतले मेल जातात आणि परत येत नाहीत. आउटलुकच्या फुकट मेलपेटीचीही मुदत एकच वर्ष. व्हॉट्सअॅपचे खाते साधारण 120 दिवसांनी काढतात, पण फोनमधल्या गप्पा अॅप काढेपर्यंत फोनमध्येच असतात.

काढलेले गूगल खाते पैसे घेऊन परत आणून देतो, असे कुणी सांगितले तर देऊ नका. गूगल त्यासाठी पैसे घेत नाही, कुठल्या दुकानाला तसा रस्ता नाही, आम्हालाही नाही. आम्ही पैसे घेतो ते फोनमधला माल उतरवण्याचे, आणि काही निघाले नाही तर तेही नाही.

ज्यांचे खाते अजून आहे त्यांनी वर्षातून एकदा त्यात शिरून एखादा मेल उघडावा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्याला Inactive Account Manager लावून घ्या. खाते 3, 6, 12 किंवा 18 महिने वापरले नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवले जाते, आणि तुम्ही परवानगी दिली असेल तर आतली माहिती त्याला उतरवून घेता येते. हे पाच मिनिटांचे काम आहे, आम्ही फुकट करून देतो.

येताना जुना फोन आहे तसा आणा, स्क्रीन फुटलेली असली तरी. त्याचा पॅटर्न किंवा पिन, ड्रॉवरातले जुने सिम आणि जिथे तो मेल पत्ता लिहिला आहे असा एखादा कागद, प्रवेश अर्ज किंवा नोकरीचा बायोडाटा, सोबत असू द्या.