रेझ्युमे स्कोअर

मोफत तपासणी संकेतस्थळावर रेझ्युमे अपलोड केल्यावर बहुधा शंभरपैकी दिला जाणारा आकडा. तो नोकरी देणाऱ्या कंपनीकडून येत नाही. संकेतस्थळाने स्वतः ठरवलेल्या नियमांची ती बेरीज असते, म्हणून एकाच फाईलला दोन ठिकाणी वेगळे गुण मिळू शकतात.

‘७५ टक्के रेझ्युमे माणसाने पाहण्याआधीच यंत्रणा बाद करते’ या विधानाच्या आधारावर अशा सेवांची जाहिरात होत आली आहे. त्याचा उगम वादग्रस्त आहे. सामान्यतः तो प्रेपटेल या अमेरिकी रेझ्युमे-सेवेपर्यंत नेला जातो. ही कंपनी २०१३ च्या सुमारास बंद पडली आणि आकड्यामागची अभ्यासपद्धती प्रसिद्ध झाल्याचे आढळत नाही. भरतीचे काम करणाऱ्यांचे मत अधिक ग्राह्य वाटते: कंपन्यांची एटीएस ही अर्ज हाताळणारी संगणक प्रणाली मुख्यतः अर्ज साठवते आणि शोधू देते, आपोआप नकार येतो तो बहुतेक वेळा अर्जातील थेट प्रश्नांच्या उत्तरांवरून, उदाहरणार्थ आवश्यक परवाना नसणे. काही प्रणाली उमेदवारांची क्रमवारीही लावतात, पण त्या कंपनीच्या निकषांनुसार.

रेझ्युमेसोबत नोकरीची जाहिरातही दिल्यास गुणांचा मोठा भाग शब्दजुळणीचा असतो. समजा, डेटा विश्लेषकाच्या जाहिरातीतून तपासणीच्या साधनाने २० शब्द उचलले आणि त्यांतले ११ रेझ्युमेत सापडले. साध्या हिशेबाने गुण ५५. उरलेल्या ९ पैकी ४ ‘गतिमान वातावरण’ छापाचे भरताड शब्द आहेत. दोन गोष्टी रेझ्युमेत आहेत, पण जाहिरातीत ‘की परफॉर्मन्स इंडिकेटर’ आणि रेझ्युमेत ‘केपीआय’ अशा वेगळ्या रूपात. खरी उणीव फक्त तिघांची: एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय. भरताड शब्द घातले आणि रूपे जुळवली की १७ जुळतात व गुण ८५ होतात. मुलाखतीत अडवणाऱ्या तिन्ही उणिवा मात्र जागच्या जागी राहतात. रूपे जुळवणे तेवढे उपयोगी, कारण भरती करणारी व्यक्तीही तोच शब्द टाकून शोधते.

‘परिणामकारकता’ या सदरात अनेक साधने ओळीत अंक आहे का एवढेच पाहतात. ‘१० जणांच्या टीममध्ये काम केले’ आणि ‘अहवालाचा वेळ १० तासांवरून २ तासांवर आणला’ ही दोन्ही वाक्ये तिथे सारखीच ठरतात.

फाईल वाचता येते का, ही तपासणी त्यातल्या त्यात भरवशाची. तरी साधनाचा वाचक, म्हणजे फाईल वाचणारा प्रोग्राम, आणि कंपनीचा वाचक निरनिराळे असतात. ती घरीही करता येते: पीडीएफमधील सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावा. दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या, किंवा काहीच चिकटले नाही (फाईल म्हणजे नुसते चित्र), तर मांडणी बदलावी. वर्डच्या हेडरमधला फोन क्रमांक काही वाचक वगळतात. तो मुख्य मजकुरात घ्यावा.

गुणांचे भारांक सहसा जाहीर केले जात नाहीत. दुरुस्तीचा तपशील अनेकदा सशुल्क असतो.