शंभर झाडं लावली, पण सगळी एकाच वाणाची

कॅलिफोर्नियातल्या घरांच्या किमतींचा एक जुना डेटा आहे. १९९० च्या जनगणनेतल्या २०,६४० वस्त्या, प्रत्येकीत सरासरी चौदाशेच्या आसपास माणसं. दर वस्तीमागे आठ रकाने: तिथलं मध्यम उत्पन्न, घरांचं वय, खोल्या, अक्षांश, रेखांश वगैरे. यावरून वस्तीतल्या घराची मध्यम किंमत ओळखायची. मशीन लर्निंग शिकणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी या डेटाशी झटापट करतो.

आता एक उद्योग करू. वस्त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग पाडायचे आणि प्रत्येक भागावर एक डिसिजन ट्री बांधायचं. हे झाड प्रश्न विचारत खाली उतरतं: उत्पन्न अमुकपेक्षा कमी का? अक्षांश तमुकच्या खाली का? त्याला अडवलं नाही, तर शेवटच्या पानावर एकच वस्ती उरेपर्यंत ते फुटत राहतं. मग दोन्ही झाडांना तिसऱ्याच, न पाहिलेल्या वस्तीची किंमत विचारायची. दोन उत्तरांत वीस-तीस हजार डॉलरचा फरक सहज निघतो. दोन्ही भाग एकाच राज्यातले, एकाच वर्षाचे, तरीही.

हे का होतं ते झाडाच्या बांधणीतच दिसतं. पानावर एकच वस्ती असेल तर झाडाचं उत्तर म्हणजे त्या एका वस्तीची किंमत. तिथे तलाव होता म्हणून ती चढी असेल, शेजारी कारखाना होता म्हणून उतरलेली असेल. रकान्यांत न आलेलं ते सगळं उत्तरात जसंच्या तसं उतरतं. शिवाय वरच्या एखाद्या फाट्यावर दोन प्रश्न जवळजवळ सारखेच चांगले असतील, तर मूठभर वस्त्या इकडच्या तिकडे झाल्या तरी दुसरा प्रश्न निवडला जातो आणि त्याखालचा सगळा फांदोरा बदलतो. नमुना बदलला की उत्तर हलतं. या हलण्याचं माप म्हणजे व्हेरियन्स. मराठीत त्याला प्रचरण म्हणतात. खोल झाड सरासरीने फारसं चुकत नाही, पण ते स्थिर नसतं.

लिओ ब्रायमन या संख्याशास्त्रज्ञाने १९९६ साली यावर बॅगिंग नावाचा उपाय मांडला. आपल्याकडे १६,००० वस्त्या असतील तर त्यातून १६,००० चिठ्ठ्या काढायच्या, पण प्रत्येक चिठ्ठी वाचून परत डब्यात टाकायची. काही वस्त्या दोन-तीनदा येतात आणि साधारण ३७ टक्के एकदाही येत नाहीत. अशा प्रत्येक नमुन्यावर एक खोल झाड बांधायचं आणि सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी घ्यायची. झाडं मुद्दाम खोलच ठेवायची. सरासरीने उत्तराचं हलणं कमी होतं, पण सगळी झाडं एकाच बाजूला चुकत असतील तर ती चूक सरासरीतही तशीच राहते. त्यामुळे उथळ झाडांचा ढीग रचून फारसं काही हाती लागत नाही.

सरासरीने नक्की किती फायदा होतो? एका झाडाचा व्हेरियन्स σ², दोन झाडांच्या उत्तरांमधला सहसंबंध ρ आणि झाडांची संख्या B धरली, तर सरासरीचा व्हेरियन्स असा येतो:

```
ρσ² + (1 − ρ)σ² / B
```

दुसरं पद झाडं वाढवत नेली की विरघळतं. पहिल्या पदात B नाहीच.

हिशेबापुरते आकडे धरू. एका झाडाचं उत्तर ५० हजार डॉलरने हलतं, म्हणजे हजारांच्या हिशेबात σ² झाला २,५००. झाडं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असती, तर शंभर झाडांच्या सरासरीचं हलणं ५ हजारांवर आलं असतं. पण समजा ρ आहे ०.६. मग १,५०० अधिक १०, म्हणजे १,५१०. वर्गमूळ साधारण ३९ हजार. शंभराऐवजी हजार झाडं लावली तर १,५०१, वर्गमूळ पुन्हा ३९ च्याच घरात. दहापट वेळ गेला आणि हाती काही आलं नाही.

ρ इतका मोठा का राहतो? या डेटात उत्पन्नाचा रकाना बाकीच्यांपेक्षा फारच वरचढ आहे. नमुना कोणताही घ्या, पहिला प्रश्न उत्पन्नाचाच निघतो, आणि तोही वर्षाला ५० हजार डॉलरच्या आसपासचा. खालचेही काही फाटे मिळतेजुळते. माती थोडी थोडी वेगळी, वाण तोच.

फीचर सबसॅम्पलिंगचं काम इथे सुरू होतं. प्रत्येक फाट्यावर आठही रकाने समोर ठेवायचे नाहीत. चिठ्ठ्या टाकून तीनच द्यायचे आणि त्यातला उत्तम निवडायला लावायचं. पुढच्या फाट्यावर पुन्हा नव्या चिठ्ठ्या. मग पहिल्या फाट्यावर उत्पन्नाचा रकाना आठपैकी तीनच झाडांच्या वाट्याला येतो. बाकीची अक्षांशापासून सुरुवात करतील, नाहीतर खोल्यांपासून. एकट्या झाडाचं यात नुकसानच होतं. समजा σ² वाढून २,८०० झाला, पण ρ उतरून ०.३ वर आला. तर ८४० अधिक सुमारे २०, म्हणजे ८६०. वर्गमूळ २९ हजार. प्रत्येक झाड आधीपेक्षा वाईट, आणि सरासरी आधीपेक्षा चांगली. टिन काम हो या संशोधिकेने नव्वदच्या दशकात प्रत्येक झाडाला थोडेच रकाने देऊन पाहिले होते. ब्रायमन यांनी २००१ साली दर फाट्याची निवड आणि बॅगिंग एकत्र करून त्याला रँडम फॉरेस्ट म्हटलं.

हे करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पायथनच्या scikit-learn लायब्ररीमध्ये `RandomForestRegressor` काही न सांगता चालवला, तर तो प्रत्येक फाट्यावर सगळे रकाने पाहतो. नाव फॉरेस्टचं, काम निव्वळ बॅगिंगचं. रकान्यांची मर्यादा आपणच घालावी लागते:

```python
RandomForestRegressor(n_estimators=300,
                      max_features=3,
                      oob_score=True)
```

`oob_score` मुळे प्रत्येक वस्तीची परीक्षा तिला न पाहिलेल्या ३७ टक्के झाडांकडूनच घेतली जाते. `max_features` मध्ये २, ३, ५, ८ घालून या परीक्षेचा गुण, म्हणजे `oob_score_`, ताडून पाहावा; कुठे थांबायचं ते वेगळा डेटा न राखताही कळतं.

दुसरी फसगत अधिक सफाईदार आहे. `random_state` बदलून तीच फॉरेस्ट चार वेळा चालवली, उत्तरं जुळली, की माणूस निर्धास्त होतो. पण चिठ्ठ्यांची पाळी बदलली तरी डेटा तोच होता. त्या प्रयोगात फक्त दुसरं पद दिसतं, आणि ते तीनशे झाडांनी आधीच मारलेलं असतं. नवा नमुना आला तर उत्तर किती हलेल ते पहिल्या पदात आहे, आणि ते पाहायला सुरुवातीसारखे डेटाचे दोन भागच पाडावे लागतात.

आणि ρ उतरवण्यालाही तळ आहे. समजा रकाने शंभर, त्यातले कामाचे दोनच, आणि प्रत्येक फाट्यावर आपण दहा देतोय. त्या दहांत कामाचा एक तरी सापडण्याची शक्यता १९ टक्के. म्हणजे पाचातल्या चार फाट्यांवर झाड नुसत्या कचऱ्यातून निवड करतं. झाडं तेव्हा एकमेकांपासून खूपच वेगळी निघतात, पण उत्तरं खऱ्या किमतीकडून सगळ्या वस्त्यांच्या सरासरीकडे सरकू लागतात. ती चूक सगळ्या झाडांची एकाच बाजूची असते.