संत्र्याभोवतीची फिकट रेघ

संत्र्यांचा हंगाम आला की नागपुरात पेट्यांची लेबलं, रसवाल्यांचे फ्लेक्स आणि संत्रा बर्फीच्या डब्यांची वेष्टनं यांची कामं एकदम वाढतात. फळाचा फोटो बहुधा पांढऱ्या कागदावर काढलेला असतो आणि लेबल गडद हिरवं हवं असतं. मग फोटोतलं संत्रं कापून हिरव्यावर ठेवलं की त्याच्याभोवती मातकट, फिकट रेघ उमटते. पांढऱ्यावर हेच कटआउट अगदी स्वच्छ दिसत होतं. खरं तर दोष तेव्हाही होता, फक्त पांढऱ्यावर तो लपला होता.

तो कसा लपतो हे कडेचा एकच पिक्सेल घेऊन पाहू. एका पिक्सेलला एकच रंग असतो. फळाची कड त्याच्या मधोमध गेली, तर त्यात अर्धं संत्रं आणि अर्धा कागद मिसळतो. संत्र्याच्या रंगात लाल २४०, हिरवा १३० आणि निळा २० धरू. पांढऱ्यात तिन्ही २५५ असतात. सोयीसाठी साधी सरासरी घेतली तर कडेचा पिक्सेल साधारण २४८, १९३, १३८ होतो. सिलेक्शनची कड मऊ असेल, तर सॉफ्टवेअर या पिक्सेलला अर्धपारदर्शक करतं. पण रंग तोच ठेवतं, म्हणजे कागदाचा पांढरेपणा त्यात तसाच राहतो.

आता तो गडद हिरव्यावर, म्हणजे १०, ६०, ३० या रंगावर ठेवा. पुन्हा अर्धी-अर्धी सरासरी: १२९, १२७, ८४. कडेत निव्वळ संत्र्याचा रंग असता, तर १२५, ९५, २५ आलं असतं. लाल जवळपास तेवढाच आहे, पण हिरवा आणि निळा बरेच वर गेलेत, म्हणून रंग मळकट होतो. हाच पिक्सेल पांढऱ्यावर ठेवला तर तो संत्र्याकडून पांढऱ्याकडे जाण्याची एक पायरी वाटतो आणि डोळा त्यावर अडत नाही. त्यामुळे कटआउट नेहमी मूळ पार्श्वभूमीच्या विरुद्ध रंगावर तपासावं.

त्यासाठी कटआउटच्या खाली एक सपाट रंगाचा लेयर टाकायचा. पांढऱ्यावर काढलेल्या फोटोसाठी आधी काळा, कारण पांढरी किनार काळ्यावर लगेच चमकते. मग पांढरा, कारण फळाखालची सावली कडेला चिकटली असेल तर ती पांढऱ्यावरच दिसते. शेवटी लेबलाचा खरा रंग. पारदर्शकतेची खूण म्हणून दिसणाऱ्या करड्या-पांढऱ्या चौकटींवर विसंबू नये. त्या स्वतःच फिकट असतात आणि त्यांच्या नक्षीत बारीक किनार हरवते. सिलेक्शनभोवती धावणाऱ्या तुटक रेषेचंही तेच. फोटोशॉपमध्ये ती रेष निम्म्याहून जास्त निवडलेल्या भागाभोवतीच दिसते, त्याहून कमी निवडलेले पिक्सेल तिच्या बाहेर राहतात. तिथल्या Select and Mask मध्ये On Black आणि On White हे दृश्यप्रकार असतात, तपासणीला ते बरे.

झूमचा मुद्दाही सरासरीचाच. २५ टक्क्यांवर मूळ चित्रातले १६ पिक्सेल मिळून पडद्यावर एक पिक्सेल होतो, आणि एका पिक्सेलाची किनार त्यात विरघळून जाते. १०० टक्क्यांवर एकाला एक पिक्सेल मिळतो, पण आजच्या बारीक पडद्यांवर तो नजरेत भरत नाही. म्हणून २०० ते ४०० टक्क्यांवर जाऊन संपूर्ण कडेवरून फिरावं. देठ, पानाची टोकं आणि देठाजवळची खाच इथे जास्त वेळ द्यावा, कारण कागद तिथेच अडकून राहतो. १६०० टक्क्यांवर मात्र प्रत्येक कड पायऱ्यांसारखी दिसते, चांगलीसुद्धा. तिथे निर्णय घेऊ नये.

किनार एक-दोन पिक्सेलांची असेल तर सिलेक्शन एक पिक्सेल आत घेतलं की बहुतेक वेळा भागतं. नाहीतर कडेच्या पिक्सेलांना आतल्या सालीचा रंग द्यावा, त्यासाठी Defringe आहे. पण आत घेताना पातळ देठही झिजतो, म्हणून तेवढा भाग मास्कवर हाताने परत आणावा लागतो. पट्टा रुंद असेल आणि हळूहळू सालीत मिसळत असेल, तर तो बहुधा कटिंगचा दोष नसतो. पांढऱ्या कागदावरून परतलेला उजेड सालीवर पडलेला असतो. तो कड कापून जात नाही, रंग सुधारूनच जातो.

एक्सपोर्ट करण्याआधी तपासणीचा रंगीत लेयर बंद करायचा आणि फाईल पीएनजीत काढायची, कारण जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही. लेयर बंद केल्यावर, पण फाईल काढण्याआधी, पारदर्शक कडा छाटण्याची Trim आज्ञा देऊन पाहावी. चौकट संत्र्याला घट्ट बसली नाही आणि एका बाजूला रिकामी जागा उरली, तर तिथे दोन-तीन टक्के दिसणारे कागदाचे ठिपके राहिलेले असतात. अशा वेळी काळा लेयर पुन्हा चालू करून त्या बाजूचे ठिपके मास्कवर पुसावेत.