साधा रजेचा अर्ज की ड्युटी लीव्हचा? आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाताना नेमका कोणता द्यायचा

विद्यापीठाच्या संघात निवड झाल्याचं कळलं की बहुतेक खेळाडू त्याच संध्याकाळी अर्ज लिहायला बसतात. शाळेपासून हाताला सवय लागलेला मजकूर आपोआप उतरतो: ‘मला अमुक दिवस महाविद्यालयात उपस्थित राहता येणार नाही, तरी रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.’ प्राचार्य सही करतात, मुलगी शिबिराला जाते, स्पर्धा खेळून येते. सत्र संपत आलं की सूचना फलकावर कमी हजेरीच्या मुलांची यादी लागते आणि त्यात तिचं नाव असतं. ती मंजूर अर्ज घेऊन ऑफिसात जाते. तिथे तिला सांगतात, रजा मंजूर आहे, पण रजा म्हणजे गैरहजेरीच.

ऑफिसचं म्हणणं बरोबर असतं. चूक अर्जाच्या प्रकारात झालेली असते. रजेचा अर्ज आणि ड्युटी लीव्हचा अर्ज हे दोन्ही कागद प्राचार्यांच्याच नावे असतात, दिसायलाही सारखे असतात, पण दोन्हींत मागितलेली गोष्ट अगदी वेगळी असते.

रजेच्या अर्जात तुम्ही न येण्याची परवानगी मागता. आजारपण, घरचं लग्न, गावची जत्रा, एखाद्या मंडळाने भरवलेली खुली कबड्डी स्पर्धा, हे सगळं या अर्जात बसतं. मंजुरी मिळाली तर न सांगता दांडी मारल्याचा ठपका येत नाही, पण हजेरीपटावर त्या दिवसाच्या रकान्यात गैरहजेरीच लागते. ड्युटी लीव्हच्या अर्जात तुम्ही सांगता की त्या दिवसांत मी विद्यापीठाच्याच कामावर आहे, त्यांच्या संघातून खेळते आहे, म्हणून बुडणाऱ्या तासांची मला सवलत द्या. पहिल्या अर्जाचं कारण तुमचं असतं, दुसऱ्याचं कारण संस्थेचं असतं. म्हणूनच दुसऱ्या अर्जाला नुसती विनंती पुरत नाही, संस्थेचा कागद सोबत लागतो.

आता आकड्यांत पाहू. एस.वाय.बी.एस्सी.ची एक खो-खो खेळाडू घ्या. एका विषयाचे सत्रात 60 तास झाले. 75 टक्के हजेरीची अट आहे, म्हणजे 45 तास हवेत. शिबिर, प्रवास आणि स्पर्धा धरून ती 17 दिवस बाहेर होती आणि त्यात या विषयाचे 10 तास बुडाले. उरलेल्या 50 पैकी ती 42 तासांना बसली. साध्या रजेवर गेली असेल तर हजेरी 60 पैकी 42, म्हणजे 70 टक्के, आणि नाव यादीत. ड्युटी लीव्हवर गेली असेल तर ते 10 तास हजर धरून 52 होतात, म्हणजे 86 टक्क्यांच्या वर. मुलगी तीच, स्पर्धाही तीच, फरक फक्त अर्जाचा.

इथे एक बारकावा आहे आणि तो खेळाडूंना सहसा कोणी सांगत नाही. ही सवलत दोन पद्धतींनी मोजता येते. एका पद्धतीत बाहेर असलेले तास हजेरीत मिळवतात. दुसरीत ते एकूण तासांतून वजा करतात, म्हणजे हिशेब 60 वर न होता 50 वर होतो. वरच्या उदाहरणात काहीच बिघडत नाही, कारण 50 पैकी 42 म्हणजे 84 टक्के. पण तीच मुलगी कॉलेजात असताना 50 पैकी 36 तासांनाच बसली असती तर? मिळवण्याच्या पद्धतीने 60 पैकी 46, साधारण 77 टक्के, म्हणजे ती सुटली. वजा करण्याच्या पद्धतीने 50 पैकी 36, फक्त 72 टक्के, म्हणजे अडकली. आपल्या कॉलेजात कोणती पद्धत आहे हे स्पर्धेला जाण्याआधीच हजेरी समितीच्या किंवा वर्गाच्या शिक्षकांना विचारून घ्या. परत आल्यावर कळून उपयोग नसतो, तोवर बाकीचे तासही होऊन गेलेले असतात.

ड्युटी लीव्हचा अर्ज कशाच्या आधारावर उभा राहतो हे समजण्यासाठी स्पर्धेची उतरंड माहीत हवी. तुम्ही आधी कॉलेजकडून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळता, मग निवड चाचणीतून विद्यापीठाच्या संघात जाता, त्यानंतर विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. या स्पर्धा 1925 साली स्थापन झालेल्या भारतीय विद्यापीठ संघाच्या छत्राखाली होतात. महाराष्ट्र आणि गोव्यातली विद्यापीठं पश्चिम विभागात येतात, गुजरात-राजस्थानातलीही तिथेच. दर वर्षी यजमान विद्यापीठ बदलतं. म्हणजे तुम्हाला बाहेर पाठवणारं कॉलेज नसून विद्यापीठ असतं, आणि अर्जाला लागणारा मुख्य कागदही विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं निवडपत्र हाच असतो. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली यादी म्हणजे निवडपत्र नव्हे. त्यावर जावक क्रमांक, तारीख आणि क्रीडा संचालकांची सही हवी. ते अजून निघालं नसेल तर कॉलेजच्या जिमखान्याच्या सरांना विद्यापीठात फोन करायला सांगा. आठवडाभर आधी मागितलं तर मिळतं, निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांचीच धावपळ असते.

आता दोन्ही अर्जांचा गाभा शेजारी ठेवून वाचा. पहिला असा:

विषय: रजा मिळणेबाबत.
महोदय, मी खो-खो स्पर्धेसाठी बाहेरगावी जात असल्याने दि. 1 ते 17 डिसेंबर या कालावधीत उपस्थित राहू शकणार नाही. तरी रजा मंजूर करावी, ही विनंती.

आणि दुसरा असा:

प्रति, मा. प्राचार्य
मार्फत: शारीरिक शिक्षण संचालक व विभागप्रमुख
विषय: पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ खो-खो (महिला) स्पर्धेसाठी ड्युटी लीव्ह मंजूर करून हजेरीची सवलत मिळणेबाबत.
संदर्भ: विद्यापीठ क्रीडा विभागाचे निवडपत्र, जा. क्र. व दिनांक.
महोदय, वरील संदर्भीय पत्रानुसार माझी विद्यापीठाच्या खो-खो संघात निवड झाली आहे. दि. 1 ते 10 डिसेंबर प्रशिक्षण शिबिर, दि. 11 रोजी प्रवास, दि. 12 ते 16 स्पर्धा व दि. 17 रोजी परतीचा प्रवास आहे. या कालावधीतील तासिका व प्रात्यक्षिकांची यादी सोबत जोडली आहे. सदर कालावधी ड्युटी लीव्ह म्हणून ग्राह्य धरावा व बुडणारी प्रात्यक्षिके दुसऱ्या बॅचबरोबर पूर्ण करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. परतल्यावर सहभागाचे प्रमाणपत्र सादर करीन.
सोबत: 1. निवडपत्राची प्रत 2. तासिकांची यादी

पहिल्या अर्जात खोटं काही नाही, पण ही स्पर्धा विद्यापीठाची की गल्लीतल्या मंडळाची, हे त्यावरून कोणालाच कळत नाही. दुसऱ्यातली ‘मार्फत’ची ओळ सगळ्यात जास्त विसरली जाते. त्या ओळीमुळे अर्ज आधी जिमखान्यात जातो, तिथे ‘शिफारस’ म्हणून सही होते, मग विभागप्रमुखांकडे आणि शेवटी प्राचार्यांकडे. थेट प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलेला अर्ज बहुधा खेळाच्या सरांचं मत घेण्यासाठी परत खाली येतो आणि त्या फेऱ्यात दिवस जातात.

तारखा तोडून लिहिण्यालाही कारण आहे. काही कॉलेजं स्पर्धेचे आणि प्रवासाचे दिवस सहज मान्य करतात, पण शिबिराच्या दिवसांवर अडतात, विशेषतः शिबिर त्याच शहरात असेल तर. सकाळी-संध्याकाळी सराव असतो, मग दुपारी तासाला का येत नाही, असा प्रश्न येतो आणि तो गैर नाही. निवासी शिबिर असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि निवडपत्रात शिबिराच्या तारखा आहेत ना, ते तपासा. नसतील तर शिबिराचं वेगळं पत्र लागेल. निवड चाचणीचा दिवस आणि संघ जाहीर होण्याआधीचा रोजचा सराव यांना मात्र ड्युटी लीव्ह गृहीत धरू नका. चाचणीला जाताना तुम्ही अजून विद्यापीठाच्या खेळाडू झालेल्या नसता.

अर्ज दिला की त्याच्या झेरॉक्सवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या आणि ती पोच जपून ठेवा. तीन महिन्यांनी हजेरीचा हिशेब होतो तेव्हा मूळ अर्ज कोणत्या फायलीत गेला हे शोधायला कोणी मोकळं नसतं. मी जिमखान्यात बसून जी प्रकरणं अडकलेली पाहिली, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मंजुरी खरोखर झालेली होती, फक्त तो कागद वर्गाच्या हजेरीपटापर्यंत पोहोचलेला नव्हता. म्हणून मंजूर अर्जाची एक प्रत प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना स्वतः नेऊन द्या आणि त्यांच्या वहीत नोंद होते का ते पाहा.

साध्या रजेचं काम मंजुरीपाशी संपतं. ड्युटी लीव्हचा उत्तरार्ध परत आल्यावर असतो. यजमान विद्यापीठाचं सहभागाचं प्रमाणपत्र किंवा संघ व्यवस्थापकांच्या सहीचा दाखला जोडून एक छोटं पत्र द्यावं लागतं, कारण आधीची मंजुरी ‘जाणार आहे’ या आधारावर दिलेली असते. प्रत्यक्ष गेलात किती दिवस, हे या दाखल्यावरूनच ठरतं. संघ पहिल्याच बाद फेरीत हरला आणि तुम्ही 13 तारखेला घरी आलात, तर 14 पासून तासांना बसा. 17 पर्यंतची मंजुरी हातात आहे म्हणून ते दिवस घरी काढले आणि दाखल्यावर 13 तारीख आली, तर पुढच्या वेळी तुमच्याच नव्हे, तुमच्या मागून येणाऱ्या खेळाडूंच्या अर्जाकडेही संशयाने पाहिलं जातं.

ड्युटी लीव्हने हजेरी सुटते, प्रात्यक्षिकं सुटत नाहीत. न केलेल्या प्रयोगाची पानं जर्नलमध्ये कोरीच राहतात आणि त्यावर शिक्षकांची सही होत नाही. अर्जात दुसऱ्या बॅचची परवानगी मागून ठेवायची ती याचसाठी. अंतर्गत चाचणी बुडणार असेल तर फेरचाचणीसाठी विषय शिक्षकांना वेगळं पत्र द्या. विद्यापीठाची सत्र परीक्षाच स्पर्धेच्या तारखांत आली, तर प्रश्न प्राचार्यांच्या हातातला राहत नाही. तेव्हा जिमखान्याच्या सरांमार्फत विद्यापीठाचा क्रीडा विभाग आणि परीक्षा विभाग यांच्याकडे लेखी जावं लागतं, तेही तारखांचा मेळ बसत नाही हे दिसल्या दिवशीच.

आणि संघ जिंकत गेला तर? सांघिक खेळांत विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला पात्र ठरतात. ती दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या तारखांना होते, कधी विभागीय स्पर्धेच्या लगेच पाठोपाठ. पहिल्या मंजुरीत हे दिवस येत नाहीत. संघ थेट तिकडेच निघणार असेल तर व्यवस्थापकांकडून पात्र ठरल्याचं पत्र घेऊन त्याचा फोटो त्याच दिवशी जिमखान्याच्या सरांना पाठवा, म्हणजे ते तुमच्या वतीने कॉलेजात मुदतवाढीचं पत्र देऊ शकतील, आणि सहीचा मूळ अर्ज परतल्यावर पहिल्याच दिवशी जमा करा.