तोंड पुन्हा पुन्हा का येतं?

तोंड आलं की ‘उष्णता झाली’ म्हणायचं, सब्जा-गुलकंद सुरू करायचं आणि औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणायच्या, ही आपल्या घरांतली रीत. आठवड्याभरात आग थांबते आणि श्रेय गोळीला जातं. खरं तर एक सेंटिमीटरपेक्षा लहान व्रण 7 ते 14 दिवसांत आपोआप भरून येतो. दर महिन्या-दोन महिन्यांनी नवा व्रण का उठतो, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

त्याचा माग काढायला व्रणाची जागा बघावी. समजा, तिशीतल्या एका शाकाहारी बाईंना कधी ओठाच्या आत, कधी जिभेखाली, कधी गालात असे व्रण येतात. मधे पिवळट-पांढरं, भोवती लालभडक कडं. जागा बदलत असेल, तर एखादा दात हे मूळ कारण असण्याची शक्यता कमी. अशा वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12 आणि फोलेट तपासावं. तोंडाच्या आतली त्वचा फार भराभर नवी होते आणि त्यासाठी या घटकांची गरज लागते. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नये. ते ठीक असतानाही फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा रिता असू शकतो आणि बी-12 कमी असू शकतं. बी-12 वनस्पतींतून जवळजवळ मिळतच नाही. शिवाय मधुमेहावरचं मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यानेही ते घटतं. तपासणीआधीच गोळ्या सुरू केल्या, तर रक्तातली पातळी वाढलेली दिसते आणि मूळ कमतरता लपून जाते.

सगळे आकडे ठीक आले, तरी व्रण येतातच असे पुष्कळ जण आहेत. त्यांची प्रतिकारशक्ती तोंडातल्या त्वचेवरच उलटते आणि ही प्रवृत्ती बऱ्याचदा घराण्यातून येते. अशा माणसाला जेवताना गाल चावला गेला, की दुसऱ्याची दोन दिवसांत बरी होणारी जखम त्याच्या तोंडात मोठा व्रण होऊन बसते. ताणाचा संबंध इथे येतो. परीक्षेच्या किंवा घरातल्या आजारपणाच्या दिवसांत नकळत गाल-ओठ चावले जातात, आणि ताणाचा प्रतिकारशक्तीवरही परिणाम होतो. म्हणून ‘टेन्शनमुळे आलंय’ एवढ्यावर सोडू नये, असं मला कळकळीने वाटतं. ताण निमित्त ठरतो, पण खाली लोहाची किंवा बी-12ची कमतरता असेल तर ती भरूनच काढावी लागते.

व्रण दर वेळी त्याच जागी येत असेल, तर समोरचा दात बोटाने चाचपून बघावा. तुटलेली कड, टोकदार अक्कलदाढ किंवा खुपणारी कवळी सापडते. दंतवैद्याने ती घासून गुळगुळीत केली की दोन आठवड्यांत व्रण भरायला हवा. तीन आठवडे उलटूनही भरला नाही, कडा कडक लागल्या, किंवा तंबाखू-गुटख्याची सवय असेल आणि व्रण दुखतही नसेल, तर मलम लावत बसू नये, तुकडा काढून तपासून घ्यावा. कर्करोगाची सुरुवात बऱ्याचदा न दुखणाऱ्या व्रणानेच होते.