चाळीस गुणांची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बहुतेक पदवी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत; त्यामुळे इथल्या गुणपत्रिकांतील फुगवटा समजून घ्यायचा तर २०११-१२ या शैक्षणिक वर्षाकडे वळावे लागते. तोवर कला-वाणिज्याच्या बहुतेक विषयांत वर्षअखेरची लेखी परीक्षाच निकाल ठरवीत असे. त्या वर्षी श्रेयांक-श्रेणी पद्धत आली आणि १०० पैकी ६० गुण सत्रअखेरच्या लेखी परीक्षेला, तर ४० अंतर्गत मूल्यमापनाला मिळाले. या चाळिसांत साधारणपणे चाचणीचे २०, गृहपाठाचे १०, वर्गातील सहभागाचे ५ आणि एकंदर वर्तनाचे ५ गुण होते. वर्षभर काम करणाऱ्याला त्याचे माप मिळावे, हा हेतू रास्तच होता.

गणित बिघडले ते इथेच. उत्तीर्ण होण्यासाठी लेखी परीक्षेत ६० पैकी २४ गुण पुरत. समजा, जेमतेम २४ मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला अंतर्गत ३६ गुण दिले, तर त्याची बेरीज ६० होते आणि तो 'ए' श्रेणीत बसतो. त्याच बाकावरच्या मैत्रिणीला लेखीत ३३ आणि अंतर्गत तेवढेच ३६ मिळाले, तर बेरीज ६९, तीही 'ए'. काठावर पास झालेला आणि बरा अभ्यास केलेली, दोघांच्या श्रेणीपत्रावर एकच अक्षर उमटते. वर्गातल्या सर्वांचे अंतर्गत गुण ३४ ते ३८ यांच्या दरम्यान असतील, तर ते चाळीस गुण कोणालाच वेगळे काढत नाहीत. सर्वांच्या बेरजेत जवळजवळ सारखीच भर पडते.

शिक्षक उदार झाले, एवढेच याचे कारण नाही. खाडीपलीकडच्या गावांतून येणाऱ्या वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे घर शिक्षकाला ठाऊक असते, आणि पटसंख्या घटली की तुकडी व तिच्याबरोबर कार्यभार धोक्यात येतो. एका महाविद्यालयात मी असा गुणतक्ता पाहिला आहे, ज्यात सहभाग आणि वर्तन या दोन्ही रकान्यांत वरपासून खालपर्यंत ५ हाच आकडा होता; चाचणीला गैरहजर असलेल्या मुलाच्याही नावापुढे.

अर्थात, जास्त गुण म्हणजे फुगवटाच, असेही नाही. ओळखायची खूण अशी की एकाच वर्गाचे लेखी आणि अंतर्गत गुण शेजारी मांडावेत. लेखीत १२ ते ५० असा पसरलेला वर्ग अंतर्गत गुणांत चार-पाच आकड्यांत मावत असेल, तर ते गुण कामाचे नसून हजेरीचे, कधी कधी तर नुसत्या नावनोंदणीचे आहेत.

पुढे अंतर्गत वाटा २५ वर आणला गेला. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तो पुन्हा ४० झाला आहे.